डाळिंब चालेल, रस नको

नवी पेठेतून घरी आणलेलं सोलापुरी डाळिंब मधुमेह असलेल्या आजीला द्यावं का? जरूर द्यावं, पण दाणेच. छोट्या वाटीतल्या ८० ग्रॅम दाण्यांत साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. पेलाभर रसाला मात्र दोन-तीन फळं लागतात, चोथा गाळला जातो आणि साखर झपाट्याने चढते. दात नाहीत म्हणून रस, हे कारण पटत नाही. भगव्या वाणाचं बी मऊ असतं. तेही चाववत नसेल तर बेताने पिकलेल्या पपईच्या चार फोडी द्या. डाग पडलेलं केळं टाळा, कारण पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते. डाळिंब तोडल्यावर तसं पिकत नाही. साखर अचानक उतरून घाम-थरथर सुटली आणि आजी शुद्धीत असली, तर मात्र अर्धा कप रस लगेच द्यावा.