लगोरीतून आरपार गेलेला चेंडू

गेम तयार करणाऱ्या कंपनीत प्रोग्रामरच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे. बायोडेटात उमेदवाराने स्वतः केलेल्या एका गेमचं नाव आहे, आणि समोरून प्रश्न येतो, "या गेमबद्दल सांगा." इथे बरेच जण गेमची गोष्टच सांगू लागतात. लेव्हल किती, पात्रं कोणती, पुढे काय काय घालायचं डोक्यात आहे. पाच मिनिटं जातात आणि विचारणाऱ्याला जे ऐकायचं असतं ते आलेलंच नसतं. यातलं तुमच्या हातचं किती, कुठे अडलात, त्यातून कसे सुटलात आणि सुटलात हे कशावरून म्हणता, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीने युनिटी या गेम इंजिनवर लगोरीचा मोबाइल गेम केला आहे. तिची सुरुवात अशी असावी: "अँड्रॉइड फोनवरचा, बाजूने दिसणारा टू-डी लगोरीचा गेम. बोट मागे ओढून चेंडू मारायचा, सात ठिकऱ्या पाडायच्या आणि वेळ संपायच्या आत पुन्हा रचायच्या." बस. एवढं सांगून फोनवर आधीच रेकॉर्ड केलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवावा. चालू गेम दाखवण्यापेक्षा हे बरं, कारण ऐन वेळी बिल्ड उघडत नाही किंवा फोन स्क्रीनला जोडला जात नाही, आणि मुलाखतीतली मोलाची मिनिटं त्यात जातात.

त्यानंतर लगेच आपला वाटा सांगावा, कोणी विचारायची वाट न पाहता. "चित्रं मोफत मिळणारी घेतली आहेत. आवाज मित्राने केले. मेनूचा कोड एका ट्युटोरियलवरून घेतला. चेंडू मारणं, ठिकऱ्या पडणं आणि रचणं हा सगळा भाग मी लिहिला." अशी कबुली दिली तर आपलं काम लहान दिसेल, ही भीती मला चुकीची वाटते. एकट्याने केलेल्या गेममध्ये सगळंच स्वतःचं नसतं, हे पॅनलवरच्या माणसाला चांगलं ठाऊक असतं. उलट, उसना भाग बाजूला काढून ठेवला की उरलेल्यावर तो विश्वास ठेवतो आणि प्रश्नही तिथलेच विचारतो. दोघा-तिघांनी मिळून गेम केला असेल, तर "आम्ही केलं" या शब्दांत कोणी काय केलं ते हरवतं. गिटवरचा इतिहास उघडून आपले बदल दाखवता आले तर उत्तम.

आता मुख्य भाग. अडचणी अनेक आल्या असतील, पण सांगायची एकच आणि तळापर्यंत. आपल्या मुलीची अडचण अशी: जोरात मारलेला चेंडू कधी कधी ठिकऱ्यांतून आरपार जायचा. "चेंडू आरपार जात होता, मग मी सेटिंग बदललं आणि ठीक झालं" असं ती म्हणाली, तर समोरच्याला काहीच कळलं नाही. नेटवर उत्तर शोधून कोणीही ते सेटिंग बदलू शकतं. ती पुढचं सांगू लागली की ऐकणारा सावरून बसतो.

"हळू मारलेला चेंडू कधीच आरपार जात नव्हता. म्हणून प्रत्येक फेकीचा वेग नोंदवायला सुरुवात केली. गडबड फक्त सेकंदाला ११ मीटरच्या वरच्या फेकींत होती." हा आकडा का यावा? युनिटीत वस्तूंच्या हालचालींचा हिशेब अखंड चालत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे तो दर ०.०२ सेकंदाने, म्हणजे सेकंदाला ५० वेळा होतो. तिच्या गेममध्ये ठिकरी १५ सेंटिमीटर रुंद आणि चेंडू ७ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही मिळून २२. चेंडू दोन हिशेबांच्या मध्ये २२ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर एका वेळी तो ठिकरीच्या अलीकडे आणि पुढच्या वेळी पलीकडे असू शकतो. मधली धडक कोणी पाहिलेलीच नसते. ०.०२ सेकंदात २२ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर ११ मीटर. वेग २० मीटर असेल तर चेंडू एका टप्प्यात ४० सेंटिमीटर जातो आणि त्यातले १८ सेंटिमीटर निसटायला मोकळे राहतात. म्हणजे शंभरातल्या साधारण ४५ फेकी आरपार जायला हव्यात. गेमच्या क्षेत्रात या दोषाला टनेलिंग म्हणतात, पण नाव न सांगता हे गणित मांडता आलं तर ते जास्त पटतं.

मग कोणते उपाय तपासले आणि कोणते का सोडले, हे सांगावं. ठिकऱ्यांची अदृश्य कड जाड करता आली असती, पण मग चेंडू हवेतच आपटल्यासारखा दिसला असता. हिशेब सेकंदाला २०० वेळा केला, तर चेंडू एका टप्प्यात १० सेंटिमीटरच सरकतो आणि दोष जातो, पण सगळ्याच वस्तूंचा हिशेब चौपट वेळा होतो आणि स्वस्त फोन तापतो. तिसरा उपाय म्हणजे इंजिनला चेंडूचा पूर्ण मार्ग तपासायला सांगणं:

```csharp
ball.collisionDetectionMode = CollisionDetectionMode2D.Continuous;
```

ही तपासणी महाग असते, म्हणून तिने ती फक्त चेंडूला लावली, ठिकऱ्यांना नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे. तीच ओळ का, हे सांगायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि नोकरी द्यायची की नाही याचा अंदाज त्या दोन-तीन मिनिटांत येतो.

निकाल सांगताना "आता खूप छान चालतं" हे वाक्य टाळावं. समजा, तिने २० मीटर वेगाच्या २०० फेकी वेगवेगळ्या अंतरांवरून आपोआप मारणारी छोटी चाचणी लिहिली. गणिताप्रमाणे ९०च्या आसपास फेकी आरपार जायला हव्या होत्या, तशा त्या गेल्या. बदलानंतर एकही नाही. शिवाय सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. बदलानंतरही गेम त्या मर्यादेत राहतो का, हे तिने प्रोफायलर जोडून प्रत्यक्ष फोनवर पाहिलं. लॅपटॉपवर मोजलेला वेळ इथे कामाचा नाही, कारण लॅपटॉपचा प्रोसेसर कितीतरी ताकदीचा असतो. डाउनलोड थोडेच असतील तर तेवढेच सांगावेत. पाच ओळखीच्यांना गेम खेळायला दिला, तिघांना बोट मागे ओढायचं कळलं नाही, म्हणून सुरुवातीला बाण दाखवला आणि नव्या पाच जणांना तो अडथळा आला नाही, हा निकाल लहान असला तरी खरा आहे आणि त्यावर बोलता येतं.

एचआरच्या फेरीत हे गणित नको. तिथे "वेगवान चेंडू ठिकऱ्यांतून निसटत होता; कारण मोजून शोधलं, फोनवर ताण न आणता दुरुस्त केलं आणि दोनशे फेकींवर तपासलं" एवढं पुरतं.

तांत्रिक फेरीत मात्र शेवटी हमखास विचारतात, "अजून काय नीट झालेलं नाही?" याचं उत्तर घरून तयार करून न्यावं. आपली मुलगी सांगेल, "सात ठिकऱ्या एकावर एक रचल्या की वरच्या दोन कधी कधी थरथरतात. प्रत्येक ठिकरीचा खालचीवरचा भार इंजिन थोड्या फेऱ्यांत अंदाजाने सोडवतं आणि ढीग उंच झाला की चूक वरपर्यंत साठत जाते, असा माझा कयास आहे. फेऱ्या वाढवून पाहिल्या, थरथर कमी झाली, गेली नाही. पुढे रचलेल्या ठिकऱ्या धक्का लागेपर्यंत स्थिर धरून ठेवायचा प्रयत्न करणार आहे." यावर पॅनलवरचा माणूस बहुधा विचारेल, "आणि धक्का बसला की नेमक्या कोणत्या ठिकऱ्या मोकळ्या करायच्या?"