एक चमचा श्वास, तीस लाख वेळा

आपल्याकडे माणसाचे दिवसाचे श्वास परंपरेनं २१,६०० मोजले आहेत. मिनिटाला १५ धरले तर हिशोब बरोबर जुळतो. आता अठ्ठावीस आठवड्यांतच जन्मलेलं, एक किलो वजनाचं बाळ डोळ्यांसमोर आणा. ते मिनिटाला साधारण ५० श्वास घेतं, म्हणजे दिवसाला ७२,०००. एका श्वासात आत जाणारी हवा पाच मिलिलिटर, चहाच्या चमच्यात मावेल एवढी. चौतिसाव्या आठवड्यापर्यंतचे बेचाळीस दिवस धरले तर हे चमचे होतात तीस लाख. आणि यातला प्रत्येक श्वास मेंदूच्या देठातल्या पेशींच्या एका चिमुकल्या पुंजक्यानं आठवणीनं सुरू करायचा असतो.

तो पुंजका मधूनच विसरतो. पाच-दहा सेकंदांची विश्रांती बहुतेक बाळं घेतात, त्याची काळजी नसते. पण वीस सेकंद श्वास थांबला, किंवा त्याहून कमी वेळ थांबूनही हृदयाचे ठोके मंदावले, रक्तातला ऑक्सिजन घसरला, तर डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. वीस सेकंद आपल्याला काहीच वाटत नाहीत. पण या बाळाच्या फुप्फुसांत श्वास सोडल्यावर उरते सुमारे पंचवीस मिलिलिटर हवा, त्यात ऑक्सिजन साडेतीन मिलिलिटर. शरीराला मिनिटाला सहा लागतो. म्हणजे फुप्फुसातली शिल्लक जेमतेम अर्ध्या मिनिटाची. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास प्रत्येक बाळाला हा त्रास होतो.

का होतो, हे समजलं की त्या देठाबद्दल राग राहत नाही. तो बिघडलेला नसतो, तो अजून पोटातलेच नियम पाळत असतो. गर्भात श्वासाची हालचाल सराव म्हणून होते, तीही अधूनमधून. ऑक्सिजन येतो वारेतून. तो कमी पडला तर गर्भ ही हालचालच थांबवतो, कारण छाती हलवून ऑक्सिजन मिळणार नसतो, उलट खर्च होणार असतो. पोटात हे शहाणपणाचं आहे. बाहेर आल्यावर मात्र तोच नियम जिवावर बेततो. ऑक्सिजन घसरला की बाळ मिनिटभर जोरात श्वास घेतं आणि मग, नेमकी गरज असताना, मंदावतं. मोठ्या माणसाचं शरीर अशा वेळी धापा टाकतं.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. श्वास घ्यायला खरी टोचणी तोच देतो. झोपेत मोठ्या माणसाचा श्वास थांबायला त्याचा दाब नेहमीपेक्षा साधारण चार मिलिमीटरनं उतरावा लागतो. या बाळांत एक-दीड मिलिमीटर पुरतो. बाळानं नुसता एक मोठा सुस्कारा टाकला तरी टोचणी नाहीशी होऊ शकते.

अशा वेळी मॉनिटर वाजतो आणि सिस्टर पेटीत हात घालून तळपायाला हलकी टिचकी मारते किंवा पाठ चोळते. बहुतेकदा तेवढ्यानं देठ जागा होतो. पण मॉनिटरवर पूर्ण विसंबता येत नाही. मान पुढे झुकून घसा मिटला असेल तर छाती हलत राहते, हवा मात्र जात नाही, आणि छातीची हालचाल मोजणारं यंत्र सगळं ठीक समजतं. तेव्हा पायाला बांधलेला ऑक्सिजनचा सेन्सरच खरं सांगतो. म्हणून आधी मान सरळ करायची. आणि जे बाळ चार दिवस नीट होतं ते अचानक वारंवार थांबू लागलं, तर दोष कोवळ्या देठावर टाकून गप्प बसायचं नाही, जंतुसंसर्ग शोधायचा.

औषध आपल्या ओळखीचं आहे: कॅफिन. मेंदूतला ॲडेनोसिन श्वासकेंद्राला दाबून ठेवतो, कॅफिन त्याची जागा अडवतं. आपल्या एक किलोच्या बाळाला पहिला डोस वीस मिलिग्रॅम कॅफिन सायट्रेटचा, त्यात निव्वळ कॅफिन दहा. साठ किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात द्यायचं तर सहाशे मिलिग्रॅम, म्हणजे सहा-सात कप कडक कॉफी एका दमात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत योगायोगानं २,००६ बाळं होती. दीड-दोन वर्षांची झाल्यावर पाहिलं तर सेरेब्रल पाल्सी कॅफिन न मिळालेल्यांत ७.३ टक्के होती, मिळालेल्यांत ४.४.

आता आईवडिलांसाठी एक आकडा. आपल्या अंगातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांत उतरतं. या बाळाचं यकृतही कोवळं, त्याला सुमारे शंभर तास लागतात. म्हणजे औषध बंद केल्यावर चार दिवसांनीही निम्मं अंगात असतं, आणि श्वास बाळाचा आहे की औषधाचा, हे तोवर कळत नाही. डिस्चार्जची तारीख डोळ्यांपुढे असताना डॉक्टर आणखी पाच-सात दिवस थांबा म्हणाले, तर थांबा.