जपानी ग्राहकाला तगादा कसा लावावा

समजा, चाकणच्या एका कारखान्याला नागोयाच्या कंपनीसाठी प्लास्टिकचा एक भाग बनवायचा आहे. सुधारित ड्रॉइंग पाठवून झालंय, मंजुरी मात्र आलेली नाही. माल २५ जुलैला निघायला हवा. साच्यात बदल करायला तीन आठवडे, चाचणीला एक, तपासणी आणि पॅकिंगला एक, असे पाच आठवडे लागणार. म्हणजे २० जूनपर्यंत मंजुरी हवीच. इथला इंजिनियर वैतागून इंग्रजीत मेल लिहितो. त्याचा मराठी मथितार्थ असा: ‘तुमची मंजुरी अजून आलेली नाही. २० जूनपर्यंत दिली नाहीत तर डिलिव्हरी लांबेल आणि त्याला आम्ही जबाबदार नसू.’ सीसीमध्ये समोरच्याच्या साहेबांचं नाव.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण या मेलने मंजुरी लवकर येण्याची शक्यता कमी, कारण ज्याला तो गेला त्याच्या हातात सही नाही. बऱ्याच जपानी कंपन्यांत एखादा प्रस्ताव संबंधित विभागांतून फिरत, एकेकाची संमती घेत वर चढतो. या पद्धतीला ‘रिंगी’ म्हणतात. आपल्याशी पत्रव्यवहार करणारा कनिष्ठ अधिकारी हा कागद पुढे सरकवणारा माणूस. त्याला घाई करायला धमकी उपयोगाची नाही. वरच्यांपुढे ठेवता येईल असं सभ्य, मुद्देसूद कारण हवं. आपला मेल त्याने जसाच्या तसा साहेबांना दाखवला तर त्याला संकोच वाटेल का, हीच खरी कसोटी.

सीसीमुळे तर पंचाईत वाढते. साहेबांसमोर त्याची चूक निघाली की तो आधी स्वतःची बाजू सावरणार आणि ड्रॉइंग मागे पडणार. प्रकरण खरोखरच वर न्यायचं असेल तर आपल्या व्यवस्थापकाने त्यांच्या बरोबरीच्या व्यवस्थापकाला वेगळं लिहावं किंवा फोन करावा. एरवी सीसीत जी नावं आधीपासून आहेत तेवढीच ठेवावीत, ज्येष्ठतेच्या क्रमाने.

आता मजकूर. सुरुवातीला नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार. जपानीत व्यवसायाच्या पत्राची अशी ठरलेली सुरुवात असते आणि ती कोणी शब्दशः घेत नाही, जसं आपल्या पत्रातलं ‘स. न. वि. वि.’. इंग्रजीत लिहितानाही एक ओळ पुरते. तिथे फुलोरा नको. त्यानंतर बदललेला मेल असा वाचता येईल:

‘३ जूनला पाठवलेल्या सुधारित ड्रॉइंगबाबत लिहीत आहे. आपण व्यग्र असताना त्रास देत आहे, क्षमस्व. २५ जुलैची डिलिव्हरी पाळण्यासाठी साच्याचं काम २० जूनला संध्याकाळी सुरू करण्याचा आमचा विचार आहे. वेळापत्रक सोबत जोडलं आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत मंजुरी मिळाली तर फार मदत होईल. आमच्याकडून आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावं. पूर्ण मंजुरी कठीण असेल तर फक्त बाहेरच्या मापांना आधी मंजुरी देता येईल का? आपलं उत्तर याआधीच निघालं असेल तर या मेलकडे दुर्लक्ष करावं.’

तारीख जागेवरच आहे. ‘तुम्ही दिली नाही’ हा दोषारोप गेला, जोडलेलं वेळापत्रक साहेबांना दाखवता येतं आणि अर्धवट मंजुरीचा पर्याय दिल्यामुळे समोरच्याला थेट ‘नाही’ म्हणावं लागत नाही. शेवटचं वाक्य जपानी पत्रव्यवहारात अगदी रुळलेलं आहे. उत्तर खरंच निघालं असेलच असं नाही, पण राहून गेलेलं उत्तर लाज न वाटता पाठवायला त्याने वाट मोकळी होते.

इथे दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. क्षमा त्रास दिल्याबद्दल मागायची, उशिराबद्दल नव्हे. नाहीतर सहा महिन्यांनी दंडाचा विषय निघाला की हाच मेल आपल्या विरोधात पुढे येईल. आणि सौम्यपणाच्या भरात ‘लवकरात लवकर’, ‘जमेल तेव्हा’ असं लिहून तारीखच पुसून टाकू नये. दोन्ही बाजूंना इंग्रजी परकं असताना गोलगोल वाक्य नम्र वाटण्याऐवजी धूसर वाटतं. मला विचाराल तर नव्याने ‘जपानी शिष्टाचार’ शिकून आलेली माणसं पहिल्यापेक्षा दुसरीच चूक जास्त करतात.

उत्तर आलं की तेही नीट वाचावं लागतं. ‘थोडं कठीण आहे’ हा बहुधा नकार असतो. ‘विचार करतो’ म्हणजे होकार नव्हे. उत्तर आदबशीर आहे पण त्यात तारीख नाही, तर तारीख मिळालेली नाही असंच धरावं. अशा वेळी त्याच सुरात दुसरा मेल पाठवण्यापेक्षा फोन बरा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, त्यामुळे आपल्या सकाळीच करावा. ‘कागद सध्या कोणत्या विभागात आहे?’ एवढंच विचारावं. मेलवर लिहिता येत नाही ते माणूस फोनवर बरंचसं सांगतो: गुणवत्ता विभागाला एका मापाबद्दल शंका आहे, वगैरे. मग त्या मापाचा तपासणी अहवाल त्याच दिवशी पाठवायचा, आणि मेलमध्ये फोनवर झालेल्या शंकेचा उल्लेख न करता ‘माहितीसाठी सोबत जोडत आहे’ एवढंच लिहायचं.