हातातून सुटताना चेंडूचा वेग किती होता?

काळ्या पार्श्वभूमीवर एकाच चेंडूचे दहा-बारा ठसे कमानीसारखे मांडलेले फोटो अनेकांनी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत पाहिलेले असतात. बेरेनीस अ‍ॅबट या अमेरिकी छायाचित्रकार बाईंनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या शालेय भौतिकशास्त्राच्या नव्या अभ्यासक्रमासाठी असे काही फोटो काढले, आणि ते आजही सुंदर दिसतात. कृती तशी सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवायचे, आणि ठरावीक वेळाने लखलखणाऱ्या स्ट्रोब दिव्यासमोर चेंडू फेकायचा. दिवा जितक्यांदा लखलखेल तितके ठसे एकाच फिल्मवर उमटतात. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकात, एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने भिंगामागे खाचा असलेली चकती फिरवून माणसांची चाल अशीच एका काचेवर टिपली होती.

आता स्ट्रोब दिव्याची गरज उरलेली नाही. तिपाईवर स्थिर ठेवलेल्या मोबाइलने व्हिडिओ काढायचा, ठरावीक अंतराने त्यातल्या फ्रेम निवडायच्या आणि संगणकावर एकावर एक चढवायच्या, की तसाच फोटो तयार होतो. दोन ठशांमधला वेळ आपल्याला माहीत असतो. चित्रात एक मीटरची पट्टी उभी केलेली असेल तर अंतरही मोजता येते. मग चेंडू हातातून सुटताना किती वेगात होता हे काढायला काय लागते? बहुतेक जण पहिल्या दोन ठशांमधले अंतर मोजतात, वेळाने भागतात आणि उत्तर लिहून मोकळे होतात. ते उत्तर जवळपास नेहमीच कमी येते. का कमी येते, हे एक उदाहरण पूर्ण सोडवल्यावर आपोआप दिसते.

समजा, मैदानावर कोणीतरी क्रिकेटचा चेंडू तिरका वर फेकला. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे आणि त्यातली दर तिसरी फ्रेम घेतली, म्हणजे दोन ठशांत ०.१ सेकंद. संगणकाच्या पडद्यावर मीटरची पट्टी २५० पिक्सेल लांब दिसते, म्हणजे एक पिक्सेल म्हणजे ४ मिलिमीटर. चेंडूचे आठ ठसे मिळाले आहेत. इथे पहिली ठेच लागते. ठसे आठ असले तरी मधली अंतरे सातच असतात, आणि गेलेला वेळ ०.८ नव्हे, ०.७ सेकंद असतो.

प्रत्येक ठशाचे केंद्र गाठून आडवे आणि उभे अंतर वेगवेगळे मोजायचे. तिरके अंतर एकदम मोजण्याचा मोह टाळावा, कारण या दोन दिशांना चेंडू दोन वेगळ्या नियमांनी चालतो. आपल्या फोटोत उभी अंतरे, सेंटिमीटरमध्ये, अशी निघतात: ४७, ३७, २७, १७.५, ७.५, मग चेंडू खाली वळतो आणि २, शेवटी १२. आडवी अंतरे ६० पासून सुरू होऊन हळूहळू ५८.५ पर्यंत उतरतात.

उभ्या अंतरांकडे नीट पाहा. ४७ मधून ३७ गेले तर १०. ३७ मधून २७ गेले, पुन्हा १०. पुढे ९.५, १०, ९.५, १०. शेवटची दोन अंतरे खालच्या दिशेची असल्याने ती ऋण धरायची. म्हणजे प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा साधारण ९.८ सेंटिमीटरने घटते, आणि सगळीकडे तेवढेच घटते. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हीच गोष्ट दुसऱ्या रूपात सांगितली होती: स्थिर स्थितीतून पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते. त्या आकड्यांतही शेजारच्या दोघांतला फरक कायम सारखाच आहे. फोटोतल्या कमानीची ही खूण आहे. हा फरक सारखा येत नसेल, तर वेग काढायच्या भानगडीत पडण्याआधी मोजमाप पुन्हा तपासावे.

दोन ठशांमध्ये ०.१ सेकंद ठेवण्याचा एक गोड फायदा इथे कळतो. गुरुत्वाकर्षणामुळे वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका बदलतो. तेव्हा ०.१ सेकंदाच्या ठशांत अंतरातला फरक बरोबर ९.८ सेंटिमीटर यायला हवा. हिशेब न करताच, नुसत्या नजरेने, आपली पट्टी आणि आपले घड्याळ दोन्ही ठीक आहेत की नाही ते समजते.

आता वेग. पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू ४७ सेंटिमीटर वर गेला, म्हणजे वरच्या दिशेचा सरासरी वेग सेकंदाला ४.७ मीटर. पण तो सरासरी आहे. चेंडू सतत मंदावत असतो, म्हणून पहिल्या ठशापाशी तो याहून जास्त वेगात होता आणि दुसऱ्यापाशी कमी. ४.७ हा वेग खरा ठरतो तो दोन ठशांच्या मधोमध, म्हणजे पहिल्या ठशानंतर ०.०५ सेकंदांनी. गुरुत्वाकर्षण स्थिर असताना हे तंतोतंत खरे असते, अंदाजाने नव्हे. म्हणून वेगांचा आलेख काढताना ४.७ हा बिंदू ०.०५ सेकंदावर मांडायचा, ३.७ हा ०.१५ वर, २.७ हा ०.२५ वर, असे. साध्या आलेखकागदावर हे बिंदू एका सरळ रेषेत बसतात. मला ही पद्धत सूत्रापेक्षा जास्त आवडते, कारण एखादा ठसा चुकीचा मोजला असेल तर त्याचा बिंदू रेषेतून बाहेर पडून चुगली करतो.

ती रेषा मागे वाढवली की पहिल्या ठशापाशी उभा वेग ५.२ येतो. पण पहिला ठसा म्हणजे सुटण्याचा क्षण नव्हे. त्यासाठी व्हिडिओतल्या न निवडलेल्या फ्रेम पाहाव्या लागतात. समजा, पहिल्या ठशाच्या आधीच्या फ्रेममध्ये चेंडू बोटांपासून सुटलेला दिसतो आणि त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये बोटांतच आहे. म्हणजे तो या दोन फ्रेमच्या मध्ये कधीतरी सुटला. मधला क्षण धरला तर पहिल्या ठशाच्या सुमारे ०.०५ सेकंद आधी. रेषा तिथवर मागे नेली की उभा वेग सेकंदाला जवळपास ५.७ मीटर मिळतो. आडवा वेग सुरुवातीला ६ मीटर होता. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुटतानाचा वेग सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर. नुसत्या पहिल्या अंतराने ७.६ आले असते, आठ टक्के कमी. ठसे जितक्या विरळ वेळाने घेतले असतील तितकी ही तूट वाढते.

पडताळ्याला एक स्वतंत्र वाटही आहे. पहिल्या ठशापासून कमानीचा माथा सुमारे १३६ सेंटिमीटर वर आहे. एवढ्या उंचीपर्यंत पोचायला सेकंदाला ५.२ मीटर वेग लागतो. आलेखाने दिलेले उत्तर तेच होते, आणि या दुसऱ्या वाटेत ठशांमधल्या वेळाचा संबंधच येत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा पट्टीपाशी होतो. पट्टी भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि चेंडू भिंतीच्या पुढून जातो. कॅमेरा पट्टीपासून ५ मीटरवर असेल आणि चेंडू तिच्यापेक्षा अर्धा मीटर जवळून गेला, तर चेंडूची प्रत्येक हालचाल अकरा टक्के मोठी दिसते. वेग तितकाच जास्त येतो. पण फोटो स्वतःच हे सांगतो: तो ९.८ चा फरक १०.९ होऊन बसतो. कारण नक्की पट्टीचेच असेल, तर सगळे वेग त्याच प्रमाणात खाली आणले की झाले. मग गुरुत्वाकर्षणच आपली पट्टी होते.

मात्र हाच १०.९ वेळ चुकल्यानेही येऊ शकतो. अंधूक उजेडात काही मोबाइल फ्रेमची गती आपणहून कमी करतात, किंवा ती व्हिडिओभर बदलत राहते. तेव्हा दुरुस्ती वेगळी होते, कारण गुरुत्वाकर्षणाच्या मापात वेळ दोनदा येतो आणि वेगात एकदाच. तिथे वेग फक्त पाचेक टक्क्यांनी चुकलेला असतो. कोणते कारण खरे हे चेंडूच्या आकारावरून ठरवता येते. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर असतो, म्हणजे आपल्या पडद्यावर तो १८ पिक्सेलचा दिसायला हवा. २० दिसला तर दोष पट्टीच्या जागेचा. चेंडू फोटोत ओढल्यासारखा लांबट दिसत असेल तर व्यास त्याच्या चालीच्या आडव्या दिशेने मोजावा. एवढ्या लहान ठशात एका पिक्सेलची चूक म्हणजे साडेपाच टक्के, तेव्हा हे माप आरोपी ओळखण्यापुरतेच वापरायचे, वेग काढण्यासाठी नाही.

लांबट ठशांबद्दल एवढेच की शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतके उघडे राहिले तर या वेगात चेंडू १४ सेंटिमीटर सरकतो. सेकंदाचा हजारावा भाग ठेवला तर ८ मिलिमीटर. भर उन्हात फोटो काढण्याचे कारण हेच.

राहिली आडवी अंतरे, जी ६० वरून ५८.५ वर उतरली. हा हवेचा अडथळा. साधारण १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूवर तो किरकोळ असतो. टेनिसचा चेंडू जवळपास त्याच आकाराचा पण वजनाने तिसऱ्या हिश्श्याइतका, त्यामुळे त्याच वेगाला तो साधारण तिप्पट मंदावतो. म्हणूनच प्रयोगाला जड चेंडू घ्यावा. पण कॅमेरा दोन अंशांनी कललेला असेल तरी आडवी अंतरे अगदी अशीच हळूहळू बदलतात, कारण गुरुत्वाकर्षणाचा एक छोटा तुकडा चित्राच्या आडव्या दिशेत घुसतो. गवंड्याचा ओळंबा चित्रात लटकवून ठेवला तर कल लगेच कळतो. ओळंबा नसेल तर चेंडू उलट दिशेने फेकून दुसरा फोटो घ्यावा. हवा दोन्ही वेळा चेंडूला मंदच करते. कललेला कॅमेरा मात्र एकदा मंद करतो आणि दुसऱ्यांदा वेगवान.

एवढी काळजी घेऊनही उत्तर ८.३ च्या पुढे दशांश वाढवून लिहिण्यात अर्थ नाही. चेंडू नेमका केव्हा सुटला हे आपल्याला एका फ्रेमच्या खिडकीतच माहीत आहे. त्या खिडकीच्या दोन टोकांना उभा वेग साधारण ०.१६ ने वर-खाली होतो. पट्टीच्या मापात एखाद्या टक्क्याची चूक गृहीत धरली, तर खरा वेग ८.१ ते ८.४ च्या आसपास आहे एवढेच म्हणता येते. ती रुंदी कमी करायची असेल तर जास्त ठसे मोजून फारसे साधत नाही. मोबाइलचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावावा, म्हणजे सुटण्याची खिडकी ०.००४ सेकंदांवर येते आणि मग चुकीचा मोठा वाटा पट्टीचाच उरतो.