टप टप टप... पण नेमकी कुठून?

छतावर ओल दिसली की आपण थेट वरच्या मजल्यावर भांडायला जातो. आमच्या अचलपूरच्या घरीही तेच झालं. मग अकरा दिवस, चार बादल्या पाणी आणि थोडी चिकणमाती वापरून आम्ही खरा गुन्हेगार पकडला, त्याची ही गोष्ट.

शुक्रवारची रात्र. पुण्यात मी मैत्रिणींसोबत वीकएंडचा प्लॅन करत होते, आणि आईचा फोन आला. ‘आजीच्या पलंगाशेजारी छताचा पोपडा पडला. पंखा बंद ठेवलाय. आणि हो, वरच्या वहिनींशी माझं बोलणं बंद आहे.’

पोपड्यापेक्षा मला शेवटच्या वाक्याचा धक्का बसला. अचलपुरातल्या आमच्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये आई आणि वरच्या काकू दर उन्हाळ्यात गच्चीवर एकत्र कुरडया घालतात. चौदा वर्षांचा शेजार. आणि आता भांडण कशावरून, तर काकूंच्या बाथरूममधून आमच्या छतावर येणाऱ्या पाण्यावरून!

फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा म्हणजे लॅपटॉप कुठेही उघडता येतो. अमरावतीपर्यंत ट्रेन, पुढे परतवाड्यापर्यंत एसटी, आणि रविवारी सकाळी मी छताखाली मान वर करून उभी होते.

आधीचे सगळे अंदाज

पहिला संशय आला होता काकूंच्या कूलरवर. कूलर हलवला, टपटप चालूच. मग बाबांचं म्हणणं पडलं, पावसाचं पाणी असेल. पण पोपडा पडला मे महिन्यात, आमच्याकडे पाऊस नावालाही नसताना. मग काकूंनी साडेतीन हजार खर्चून बाथरूमच्या सगळ्या टाइल्सच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरून घेतलं. पंधरा दिवसांत ओल परत. ‘आम्ही केलं ना आमच्याकडून’ असं काकू म्हणाल्या, ‘मग पाणी काय आकाशातून येतं?’ असं आई म्हणाली, आणि दोन्ही दारं बंद झाली. आता एका कॉन्ट्रॅक्टरने अख्खं बाथरूम फोडायचं साठ हजारांचं कोटेशन दिलं होतं.

परतवाड्याहून एक जुने प्लंबर आले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी छताकडे पाहिलं आणि पहिलंच वाक्य असं टाकलं की मी डायरी काढली. ‘ताई, डाग जिथं दिसते तिथंच वर भोक हाये असं समजू नका. पान्याले जिकडं वाट भेटन तिकडं ते जाते.’

कारण असं. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खाली घेतलेला असतो. याला म्हणतात संक. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे आणि भराव घालतात, आणि मग टाइल्स बसवतात. आता टाइल्सखाली कुठूनही पाणी शिरलं, तर ते आधी या भरावात साठतं. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमच्या संकमध्ये शे-दोनशे लिटर पाणी सहज मावतं. तिथून ते स्लॅबमधल्या सगळ्यात कच्च्या जागेतून खाली उतरतं. आमचा डाग बाथरूमच्या खाली नव्हताच, तर पाच फूट बाजूला, आजीच्या खोलीत होता.

म्हणजे संक हा मोठा स्पंज आहे. आज शिरलेलं पाणी उद्या टपकतं, आणि नळ बंद केला तरी टपकतच राहतं. ‘नळ बंद केला, तरी थांबलं नाही, म्हणजे बाथरूमचा दोष नाही’ असं पाच मिनिटांत म्हणणारे सगळे इथेच फसतात.

दुधाच्या कॅलेंडरवरचा पुरावा

पाणी येण्याच्या शक्यता भाऊंनी तीन सांगितल्या. एक, भिंतीतली नळाची लाइन. गच्चीवरच्या टाकीमुळे तिच्यात चोवीस तास दाब असतो, त्यामुळे ती फुटली असेल तर कुणी आंघोळ करो न करो, गळणारच. दोन, सांडपाण्याचा पाइप. तो फक्त पाणी सोडल्यावर गळतो. आणि तीन, फरशी. फरशीवर पाणी पडलं, तरच ती गळते.

इथे आई कामी आली. टपकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेलं पातेलं तिने किती वेळा ओतलं, याच्या खुणा ती दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर करत होती. एप्रिलमध्ये आठ दिवस काकूंचं घर बंद होतं, सगळे अकोल्याला लग्नाला गेले होते. त्या आठवड्यात खुणा कमी होत गेल्या आणि पाचव्या दिवशी संपल्या. घरात कुणी नव्हतं, पण टाकीचं पाणी लाइनमध्ये होतंच. लाइन फुटली असती, तर खुणा थांबल्या नसत्या.

भाऊ हसले. ‘अर्धी केस तर काकूंनी आधीच सॉल्व्ह करून ठेवली.’

हे नक्की करायला आम्ही वर गेलो. मी दार वाजवलं, आई माझ्या मागे. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘चार दिवस आम्ही आतलं बाथरूम वापरू. पण लाइनचा व्हॉल्व्ह चालू ठेवायचा ना?’ बरोबर, चालूच ठेवायचा, गीझरचाही. नाहीतर लाइन आणि वापर दोन्ही एकदम बंद होतात आणि कशामुळे थांबलं, ते कळत नाही. रविवारी बाथरूमला कडी लागली आणि गुरुवारी सकाळी पातेलं कोरडं निघालं. लाइन निर्दोष!

कॅलेंडर नसेल आणि लाइनवर संशय असेल तर प्लंबरकडे हातपंप असतो, काटा असलेला. तोट्या बंद करून लाइनमध्ये दाब भरायचा. काटा उतरत गेला तर लाइन गळते आहे. फक्त लाइन जुनी लोखंडी असेल तर जास्त दाब देऊ नका, चांगली असली तरी फुटेल.

एका वेळी एकच पाणी

आता खरी गंमत. सांडपाण्याचा पाइप की फरशी, हे ओळखायचं कसं? रोज आंघोळ करताना पाणी फरशीवरही पडतं आणि नहाणी ट्रॅपमधून पाइपातही जातं, त्यामुळे दोघांवर सारखाच संशय. भाऊंनी दोघांना वेगळं केलं.

गुरुवारी सकाळी ट्रॅपची जाळी काढून त्यांनी एक रबरी नळी थेट आत घातली आणि पाच बादल्या पाणी फरशीचा एक थेंबही न भिजवता पाइपात सोडलं. मग चोवीस तास वाट पाहिली. पातेलं कोरडं. म्हणजे पाइप सुटला.

शुक्रवारी सकाळी आठला उलटं केलं. ट्रॅपच्या तोंडात कापडाचा घट्ट बोळा कोंबला आणि फरशीवर चार बादल्या पाणी साचवलं, खोल बाजूला दोन बोटं भरेल एवढं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. दुपारी अडीचला आजीने खालून हाक मारली, ‘आलं गं!’

साडेसहा तास लागले होते. तासाभराने कंटाळून बोळा काढला असता, तर आम्ही फरशीलाही क्लीन चिट देऊन बसलो असतो.

पाण्यात रंग का नाही टाकला, असं मी विचारलं. टाकता येतो. बाथरूममध्ये कमोड असेल तर त्याची वेगळी टेस्ट घेताना नीळ टाकून फ्लश करतात. पण भरावातून झिरपताना रंग फिका होतो, आणि विटांमुळे पाणी आपोआपच लालसर येऊ शकतं. त्यामुळे रंग दिसला तर पुरावा पक्का, न दिसला तर काहीच सिद्ध होत नाही. घड्याळ जास्त भरवशाचं.

चिकणमातीचा बांध

फरशी म्हणजे अख्खी पस्तीस चौरस फूट. सगळी फोडायची? भाऊंनी थांबवलं. पाणी काढून टाकलं, मंगळवारपर्यंत टपटप थांबू दिली. मग कणकेसारखी मळलेली चिकणमाती घेऊन ट्रॅपभोवती दीड फुटावर बांध घातला. मंगळवारी बांधाबाहेरच्या फरशीवर पाणी साचवलं. बांधातून थोडं झिरपलं, ते फडक्याने टिपत राहिलो. चोवीस तास कोरडे. बुधवारी ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून फक्त बांधाच्या आतल्या कोपऱ्यात पाणी ठेवलं. पाच तासांत पातेल्यात टप्!

गुन्हेगार होता ट्रॅपची कडा आणि टाइल यांच्यातला सांधा. फरशीचा सगळा उतार तिकडेच, त्यामुळे पाणी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबतं. तिथलं सिमेंट आकसून केसाएवढी फट पडली होती. पाणी पाइपाच्या आत जाण्याऐवजी त्याच्या बाहेरून संकमध्ये उतरत होतं. काकूंच्या साडेतीन हजारांत सगळे सांधे भरले गेले, फक्त जाळीखालची ही एक जागा सोडून.

चार टाइल्स काढल्या, कडा साफ करून वॉटरप्रूफिंग केलं. आणि टाइल्स परत बसवायच्या आधी पुन्हा चोवीस तास पाणी साचवून पाहिलं. ही शेवटची टेस्ट टाळू नका, नंतर पुन्हा टाइल्स फोडाव्या लागतात.

तरीही खाली नऊ दिवस टपटप चालूच होती! आईचा चेहरा पडला. पण कॅलेंडरवरच्या खुणा रोज कमी होत होत्या. तो जुना साठा होता. छताला रंग आम्ही महिनाभर थांबूनच दिला.

खर्च कुणाचा?

हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटच्या आतल्या बाथरूमची त्या सदस्याने. म्हणजे स्रोत कळल्याशिवाय बिल कुणाचं, हेच ठरत नाही. नवीन फ्लॅट घेतलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो.

आमची इमारत चौदा वर्षांची, त्यामुळे तो मार्ग बंद होता. काकूंनी दोन दिवसांची मजुरी आणि चार टाइल्सचे पैसे दिले. आजीच्या छताच्या प्लास्टरचे बाबांनी दिले; काकू देत होत्या, ते नाही म्हणाले. मी पुण्याला निघाले त्या सकाळी गच्चीवर कुरडयांचा चीक शिजत होता, आणि आई वरून ओरडून मला सांगत होती, ‘काकूंच्या हातच्या घेऊन जा गं, माझ्या जरा तुटल्यात.’

टेस्टच्या आधी एवढं करा

• ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या जवळ असेल, तर आधी त्या लाइनचा स्विच मेन बोर्डातून बंद करा.

• डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. खाली भांडं ठेवा, पाणी रोज ठरावीक वेळी मोजा.

• आधीची टपटप थांबल्याशिवाय पुढची टेस्ट सुरू करू नका. एका वेळी एकच पाणी, आणि प्रत्येकाला चोवीस तास.

• वरच्यांशी बोलणं बंद करू नका. टेस्टचं अर्धं काम त्यांच्याच घरात असतं!