हिमोग्लोबिनची घडण आणि सहाव्या जागेवरचा बदल

तांबड्या रक्तपेशीतले हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फा साखळीत 141 अमिनो आम्ले असतात, बीटामध्ये 146. ही आम्ले कोणत्या क्रमाने ओवली आहेत, तो क्रम म्हणजे प्रथिनाची प्राथमिक संरचना. दोन आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध सहसंयुज, म्हणजे भक्कम असतो. प्रथिन उकळले तरी तो सहसा तुटत नाही. तो तोडायला तीव्र आम्लात बराच वेळ तापवावे लागते किंवा ट्रिप्सिनसारखे विकर लागते. हा बंध सपाट आणि ताठर असल्यामुळे साखळीला वळायला जागा मिळते ती त्याच्या दोन्ही बाजूंच्या बंधांभोवतीच.

या वळण्यातून दुसरी पातळी, द्वितीयक संरचना, तयार होते. हिमोग्लोबिनमध्ये ती जवळजवळ सगळी अल्फा मळसूत्राच्या रूपात आढळते. 1951 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मळसूत्राची रचना मांडली. त्याच्या एका वेढ्यात सरासरी 3.6 अमिनो आम्ले बसतात. प्रत्येक आम्लाच्या कण्यातला ऑक्सिजन चार जागा पुढच्या आम्लाच्या नायट्रोजनवरील हायड्रोजनला ओढून धरतो. असा एकटा हायड्रोजन बंध पेप्टाइड बंधाच्या तुलनेत अगदीच दुबळा असतो. मळसूत्र टिकते ते असे कितीतरी बंध एका ओळीत लागल्यामुळे.

मळसूत्रे एकमेकांवर दुमडून साखळीचा गोळा बनतो. ही तृतीयक संरचना. ती घडवण्यात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो, हे चटकन पटत नाही. ल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलॲलॅनीन यांच्या तेलकट शाखांना पाण्याशी बंध जुळवता येत नाहीत. अशा शाखेभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना शिस्तीत राहावे लागते. शाखा गोळ्याच्या पोटात गेल्या की पाणी मोकळे होते, आणि घडी टिकते ती मुख्यतः त्यामुळेच. पोटात खेटून बसलेल्या शाखांमधले व्हॅन डर वाल्स आकर्षण, पृष्ठभागावरचे हायड्रोजन बंध आणि विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या तिला हातभार लावतात. काही प्रथिनांत गंधकाचे डायसल्फाइड पूलही असतात, पण हिमोग्लोबिनच्या घडीला त्यांची गरज पडत नाही.

चार गोळे एकत्र येऊन चतुर्थक संरचना होते. तिथेही हीच दुबळी बले काम करतात. एक अल्फा आणि एक बीटा यांची जोडी घट्ट असते. दोन जोड्यांमधला सांधा मात्र सरकता असतो. ऑक्सिजन नसताना विद्युतभारांच्या जोड्या त्याला एका स्थितीत रोखून धरतात. ऑक्सिजन बसला की त्या जोड्या सुटतात, सांधा सरकतो आणि उरलेल्या साखळ्यांना ऑक्सिजन घेणे सोपे जाते. हा सांधा भक्कम सहसंयुज बंधांनी जखडलेला असता, तर हे सरकणे झालेच नसते.

विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक कुटुंबांना परिचित असलेल्या सिकलसेल आजारात बदल फक्त पहिल्या पातळीवर होतो. बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे केले आणि ते कागदावर पसरवून निरोगी व आजारी नमुन्यांची तुलना केली. फरक एकाच तुकड्यात सापडला, आणि 1957 पर्यंत नेमका बदल कळला. सहावी जागा गोळ्याच्या पृष्ठभागावर आहे. त्यामुळे मळसूत्रे जशीच्या तशी राहतात, घडी मोडत नाही, चार साखळ्याही नीट जुळतात आणि ऑक्सिजन बसतो. मात्र भारित शाखेच्या जागी तेलकट शाखा उघड्यावर येते. ऑक्सिजन सुटलेल्या स्थितीत शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर तेलकट शाखांची एक खोबण उपलब्ध असते, आणि ही व्हॅलीन तिच्यात जाऊन बसते. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे रेणू चिकटत लांब ताठ तंतू तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. जे बल घडी टिकवते, तेच इथे चुकीच्या जागी काम करते. शरीरातले पाणी कमी झाल्यावर त्रास वाढतो, कारण पेशीत हिमोग्लोबिन जितके दाट, तितके तंतू लवकर बनतात.

तपासणीही याच गुणधर्मांवर चालते. विद्राव्यता चाचणीत रक्तातला ऑक्सिजन रसायनाने काढून घेतात. हिमोग्लोबिन एस असेल तर द्रावण गढूळ होते. पण वाहक आणि रुग्ण या दोघांच्याही रक्ताने ते गढूळ होते, म्हणून एवढ्यावर निदान करता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागते. प्रत्येक बदललेल्या बीटा साखळीत एक ऋणभार कमी झाल्याने अल्कधर्मी द्रावणात हिमोग्लोबिन एस धनाग्राकडे सावकाश सरकते. वाहकाच्या नमुन्यात नेहमीच्या आणि बदललेल्या हिमोग्लोबिनचे दोन पट्टे उमटतात, तर दोन्ही पालकांकडून हाच बदल आलेल्या रुग्णाच्या नमुन्यात नेहमीचा पट्टा नसतो.