मीठ पडताच निळे होणारे सोने

मायकेल फॅरेडेने १८५० च्या दशकात सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण बनवले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या बाटल्यांत ते अजूनही लालच आहे. असे का?

त्यातल्या अतिसूक्ष्म सुवर्णकणांवर ऋण प्रभार असतो. भोवती पाण्यातल्या धन आयनांचे विरळ वेष्टन जमते. दोन कण जवळ आले की ही वेष्टने एकमेकांत शिरू लागतात आणि कण दूर ढकलले जातात. खरे तर कणांमध्ये आकर्षणही असते, पण ते अगदी जवळ आल्यावरच जोर धरते.

मीठ घातले की पाण्यात धन आयनांची गर्दी होते, वेष्टन आकसते आणि आकर्षण जिंकते. कण चिकटतात, लाल रंग निळा होतो, शेवटी गाळ बसतो. सोडियमपेक्षा बेरियम आणि त्याहून ॲल्युमिनियमचे आयन कितीतरी कमी प्रमाणात हे काम करतात. आधी जिलेटिन मिसळले असेल, तर मात्र तेवढ्याच मिठाने रंग बदलत नाही.